वाहतंय कोण, पोहतंय कोण?

गोष्ट एका गावातल्या सहावीतल्या मुलीची आहे. घरी तिला सगळे चिमी म्हणतात, आपणही तेच म्हणू. शाळेतल्या बाईंनी तिच्या हातात कागदी सूक्ष्मदर्शक दिला. त्याचं नाव फोल्डस्कोप. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी 2014 मध्ये तो जगासमोर आणला. जाड कागदाच्या घड्या आणि मधोमध काचेचा एक बारीक मणी, एवढाच त्याचा कारभार. हा मणी वस्तू सुमारे 140 पट मोठी करून दाखवतो.

चिमीने तळ्याच्या मधलं नितळ पाणी आणलं. थेंब काचपट्टीवर ठेवला, वर पातळ काच टाकली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळा लावला.

"बाई, गोल गोल अंडी दिसत्यात! काळ्या काठाची!"

"काठ जाड काळा आणि आत काहीच नाही ना? मग ते हवेचे बुडबुडे. काच तिरकी धरून एका कडेने हळू टेकव, म्हणजे हवा अडकणार नाही. आणि पाणी काठावरचं आण. बुडालेल्या काड्या, पानांची खालची बाजू, जिथे हाताला बुळबुळीत लागतं तिथलं."

हे महत्त्वाचं आहे. बहुतेक सूक्ष्मजीव खाणं असेल तिथे गर्दी करतात. जीवाणू आणि शैवाल या बुळबुळीत थरात असतात, त्यांना खाणारेही तिथेच येतात. नितळ पाण्याच्या एका थेंबात बरेचदा काहीच सापडत नाही.

दुसऱ्या थेंबाने तिचा श्वासच अडवला. सगळं चालत होतं. हिरवे ठिपके, तपकिरी कण, कसल्या तरी काड्या, सगळे डावीकडे निघालेले.

"सगळी जिती हायेत, बाई!"

"सगळी? नीट बघ. वाहतंय कोण आणि पोहतंय कोण?"

या प्रश्नासाठीच मला ही गोष्ट सांगायची आहे. काचेच्या कडेने पाणी सुकत जातं, तसा आतल्या पाण्याला ओघ येतो आणि निर्जीव कणही त्याच्याबरोबर एका दिशेला सरकतात. अगदी बारीक कण तर जागच्या जागी थरथरतात, कारण पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात. हालचाल दिसली एवढ्यावरून जीव आहे असं ठरत नाही. ओघाविरुद्ध जाणारा, अडथळ्याला धडकून मागे सरकणारा आणि वळून नवी वाट धरणारा शोधावा लागतो.

चिमीला तो सापडला. चपलेच्या तळव्यासारखा, स्वतःभोवती फिरत पुढे जाणारा. हा पॅरामिशियम. एकच पेशी, लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. अंगभर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते वल्ह्यांसारखे मारत तो सेकंदाला साधारण एक मिलिमीटर जातो. ऐकायला हे फार नाही, पण भिंगाखाली वेगही 140 पट होतो. म्हणून तो दिसला दिसला म्हणेपर्यंत निसटत होता. बाईंनी कापसाचे दोन-चार धागे थेंबात टाकायला सांगितले. धाग्यांच्या जाळ्यात एक अडकला आणि शांत राहिला.

आता त्याच्या आत बघता आलं. एक फिकट गोल ठिपका फुगायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा फुगायचा. तळ्याच्या पाण्यापेक्षा पेशीच्या आत क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरतं. ते बाहेर फेकलं नाही तर पेशी फुटेल. म्हणून हा ठिपका पंपासारखा अखंड काम करतो.

शेजारी एक हिरवा धागा निपचित पडला होता. "ह्यो मेलाय," चिमी म्हणाली. बाईंनी तिला धाग्याच्या आत बघायला लावलं. प्रत्येक कप्प्यात हिरवी फीत मळसूत्रासारखी गुंडाळलेली. हे स्पायरोगायरा शैवाल. जागचं न हलताही ते जिवंत असतं, त्या फितीत उन्हावर अन्न बनवत असतं. 1674 मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याने जवळच्या तळ्याचं पाणी एकाच भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तेव्हा अशाच हिरव्या गुंडाळ्यांचं वर्णन त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून पाठवलं होतं. चिमीच्या हातातलं भिंगही एकच.

घरी गेल्यावर तिने विहिरीचा थेंब पाहिला. काहीच नव्हतं. आजी खूश झाली. "म्हंजी आपलं पानी चोख हाय."

चिमीने दुसऱ्या दिवशी बाईंना तसंच सांगितलं. बाईंनी मान हलवली. पटकी, हगवण पसरवणारे जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, फार तर त्याच्या दोन-तीन पट. या मण्याची नजर तिथे जवळजवळ संपते. शिवाय रोग पसरवायला पुरेसे जीवाणू असले, तरी नेमक्या त्या एका थेंबात ते येतीलच असं नाही. उलट तळ्यातला पॅरामिशियम माणसाला आजारी पाडत नाही, तो जीवाणूच खातो.

"मग आजीला काय सांगू?"

"पाणी उकळूनच प्यायचं म्हणावं. आणि आज हौदाच्या भिंतीवरचं शेवाळ घेऊन ये."