अठ्ठेचाळीस तासांत काही वाढलं नाही, मग ताप कसला?

इथे अमेरिकेत रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी आपल्या फोनवर येऊन पडतो. रात्री अकरा वाजता टुंग वाजतं, ॲप उघडलं की ब्लड कल्चरच्या खाली एकच ओळ: No growth at 48 hours. वाचून जीव भांड्यात पडतो, त्याचा फोटो पुण्याच्या नाहीतर नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि पहाटेपर्यंत निकालही लागतो: ‘कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे इन्फेक्शन नाही. अँटिबायोटिक बंद करायला सांगा.’

मी दहा वर्षं भाषा शिकवली, त्यामुळे वाक्य समोर आलं की त्याचा कर्ता शोधायची खोड आहे. या वाक्याचा कर्ता पेशंट नाही. कर्ता आहे एक बाटली. ‘अमुक बाटलीत अठ्ठेचाळीस तासांपर्यंत काही वाढलं नाही’ एवढंच ते वाक्य म्हणतं. शेजारी बारीक अक्षरांत Preliminary असंही लिहिलेलं असतं. म्हणजे निकाल अजून लागायचा आहे.

माझी नणंद एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. तिच्याकडून या बाटलीची गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलिलीटर रक्त घालतात. बाटलीत आधीच जीवाणूंना पोसणारं पातळ खाद्य असतं. दोन बाटल्यांचा एक सेट; एकीत हवा लागणारे जीवाणू वाढतात, दुसरीत हवा नको असलेले. शक्यतो दोन हातांतून वेगवेगळे दोन सेट घेतात. या बाटल्या एका मशीनमध्ये, शरीराइतक्या उबेत ठेवल्या जातात. जीवाणू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बाटलीच्या बुडाशी असलेला सेन्सर तो ओळखतो. मशीन दर काही मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासतं. हे साधारण ५ दिवस चालतं. ‘आपण दही लावतो तसंच ते,’ असं ती म्हणते, ‘फक्त विरजण आहे की नाही, हे आधी माहीत नसतं.’

मग अठ्ठेचाळीस तासांची ओळख एवढी का? कारण रक्तात जंतू असलेल्या बहुतेक पेशंटांच्या बाटल्या पहिल्या एक-दोन दिवसांतच वाजतात. मूत्रमार्गातून रक्तात शिरलेला ई. कोलाय तर पुष्कळदा बारा-पंधरा तासांतच हजर होतो. म्हणून दोन दिवस शांत गेले, ही बातमी खरोखर मोलाची असते. पण किती मोलाची, हे ताप कोणत्या कारणाचा असेल त्यावर ठरतं. इथेच आपली गल्लत होते.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी आहे. वय ३१, तीन आठवडे पुण्याला राहून जुलैअखेर परतला. परतल्यावर नवव्या दिवशी ताप सुरू झाला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसतं डोकं जड, भूक मेलेली आणि रोज संध्याकाळी थोडा अधिक चढणारा ताप. आपल्या सगळ्यांच्या बॅगेत असते तशी औषधांची पिशवी त्याच्याही बॅगेत होती. त्यातल्या ॲझिथ्रोमायसिनच्या ५०० च्या तीन गोळ्या त्याने तीन दिवस घेतल्या. ताप किंचित उतरला आणि पुन्हा चढला. सहाव्या दिवशी १०३ झाल्यावर बायकोने त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं.

ती मंगळवारची रात्र होती. नऊच्या सुमारास दोन सेट, म्हणजे चार बाटल्या रक्त घेतलं. मलेरियासाठी रक्ताची काच, डेंग्यूची तपासणी, लिव्हरच्या टेस्ट असं सगळं झालं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या, लिव्हरचे आकडे थोडे वर होते. भारतातून आलेला माणूस, चढत जाणारा ताप आणि हे आकडे पाहून डॉक्टरांना टायफॉइडची दाट शंका आली. कल्चरचं रक्त घेऊन झाल्यावर त्यांनी लगेच शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन सुरू केलं. क्रम महत्त्वाचा: आधी रक्त, मग औषध.

गुरुवारी रात्री ॲपवर ती ओळ आली. मलेरिया आणि डेंग्यूही निगेटिव्ह. आणि ताप? तसाच, १०२. पुण्याहून मावशीचा फोन आला तेव्हा तिच्याकडे दोन पुरावे तयार होते. ‘अगं, कल्चरमध्ये काही नाही आणि दोन दिवस इंजेक्शन देऊनही ताप उतरत नाही. म्हणजे व्हायरलच आहे. त्याला म्हणावं, सुया टोचून घेऊ नकोस, घरी जा.’ मावशीचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. तिला दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या, एवढंच.

पहिली गोष्ट टायफॉइडच्या जंतूची. हा जंतू रक्तात फार विरळ असतो. एक मिलिलीटर रक्तात पुष्कळदा एकसुद्धा जिवंत जंतू सापडत नाही. त्याचा खरा मुक्काम पेशींच्या आत असतो, यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात. म्हणून बाटलीत दहाऐवजी तीनच मिलिलीटर रक्त गेलं, तर तो निसटण्याची शक्यता बरीच वाढते. सगळं नीट केलं तरी टायफॉइड असलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांचंच ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येतं. बाकीच्यांना टायफॉइड असतो आणि बाटली गप्प असते. मगजाच्या कल्चरमध्ये तो जास्त वेळा सापडतो, पण हाडात सुई घालण्याची ती तपासणी सहसा कोणी सुरुवातीलाच करत नाही.

त्यात आधीच घेतलेल्या अँटिबायोटिकची भर. त्या तीन गोळ्यांनी आजार बरा झाला नाही, पण रक्तातले जंतू कमी झाले. ॲझिथ्रोमायसिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे शेवटच्या गोळीनंतरही परिणाम चालू राहतो. काही बाटल्यांत औषध शोषून घेणारे बारीक मणी असतात, त्यांचा उपयोग होतो, पण पूर्ण नाही. अशा वेळी उरलेले अर्धमेले जंतू सावकाश वाढतात आणि बाटली उशिरा वाजते, किंवा वाजतच नाही.

दुसरी गोष्ट तापाची. टायफॉइडमध्ये अगदी योग्य औषध सुरू झालं तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीचा १०२ हा औषध फसल्याचा पुरावा नव्हता. उलट या टप्प्यावर उपचार थांबवले असते तर आजार उलटण्याची भीती होती. टायफॉइड तिसऱ्या आठवड्यात गेला की आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं. शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे ६४ तासांनी, चारपैकी एक बाटली वाजली. त्यातला थेंब रंगवून पाहिला तेव्हा गुलाबी, काडीसारखे जीवाणू दिसले. शनिवारी नाव आलं: साल्मोनेला टायफी. रविवारी कोणती औषधं चालतील ते कळलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन निकामी, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन चालणारं. आपल्याकडच्या टायफॉइडवर सिप्रो आता बहुधा चालत नाही, त्यामुळे हे कळणंच कल्चरचं मोठं काम होतं. सोमवारी ताप पहिल्यांदा शंभराच्या खाली आला. बाकीच्या तीन बाटल्या पाचव्या दिवसापर्यंत गप्पच राहिल्या. एकाच माणसाचं, एकाच संध्याकाळचं रक्त, आणि चारांतल्या तिघींनी ‘काही नाही’ म्हटलं.

ती चौथी वाजली नसती तर? तरीही डॉक्टर उपचार पूर्ण करणार होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. गोळ्या आधी घेतलेल्या असल्याने निगेटिव्ह रिपोर्टवर त्यांचा फारसा भर नव्हता. मावशीचा ‘विडाल करून घ्या’ हा आग्रहही त्यांनी मानला नाही. विडाल जंतू शोधत नाही, शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती जुन्या संसर्गाने किंवा दुसऱ्याच तापानेही दिसू शकतात.

आणखी एक वर्ग आहे, ज्यांच्यासाठी ही बाटली कधीच बोलणार नाही. मलेरियाचा परजीवी, डेंग्यूचा विषाणू, स्क्रब टायफसचा जंतू यांना या बाटलीतलं खाद्य चालत नाही. पाच दिवस काय, पन्नास दिवस ठेवा. त्यांच्या तपासण्या वेगळ्या. मलेरियात तर एक काच निगेटिव्ह आल्याने भागत नाही. संशय असेल तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा, एकूण तीनदा पाहतात. पावसाळ्यात गावी जाऊन आलेल्याला ताप आला आणि कल्चर गप्प असलं, तर या नावांची आठवण डॉक्टरांना करून द्यायला लाजू नये. इथल्या लहान गावातल्या डॉक्टरने स्क्रब टायफस पुस्तकाबाहेर पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

आता याच ओळीचा उलटा अर्थ. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीच्या तीन आठवड्यांच्या बाळाला गेल्या हिवाळ्यात ताप आला. एवढ्या लहान बाळाला ताप म्हटलं की इथे रक्त, लघवी, पाठीतलं पाणी सगळं तपासतात आणि अँटिबायोटिक सुरू करून भरती करतात. दीड-दोन दिवसांत तिन्ही कल्चर निगेटिव्ह, बाळ दूध पिऊ लागलेलं, ताप गेलेला. डॉक्टरांनी औषध थांबवून त्यांना घरी पाठवलं. आजी मात्र घाबरली: ‘कोर्स पूर्ण न करता कसं सोडतात?’ पण इथे डॉक्टर बरोबर होते. बाळाला आधी कुठलंच औषध मिळालेलं नव्हतं, आणि या वयात ज्या जंतूंची धास्ती असते ते असते तर छत्तीस तासांच्या आत बहुधा वाजलेच असते. शिवाय बाळ स्वतः सुधारत होतं. तीच ओळ, पण एका घरी औषध चालू ठेवायचं आणि दुसऱ्या घरी थांबवायचं.

म्हणून अशी ओळ फोनवर आली की ग्रुपवर टाकण्याआधी नर्सला किंवा डॉक्टरांना विचारावं, की किती सेट घेतले होते, बाटल्या किती दिवस ठेवणार आहेत, आणि ही शंका असलेला आजार या बाटलीत वाढतो तरी का. औषध थांबवायचं की नाही, ते त्यांनी पेशंटकडे पाहून ठरवावं. ताप वाढत असेल, पोट दुखत किंवा फुगत असेल, गुंगी येत असेल, तर रिपोर्टची ओळ काहीही म्हणो, तेव्हाच्या तेव्हा सांगायचं.

आणि आपल्या बाजूची माहिती आपणच द्यायची असते. भारतात कुठे होतो, कधी परतलो, ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, आणि पिशवीतली कोणती गोळी किती वेळा घेतली. गोळीबद्दल आपण हटकून गप्प बसतो, कारण प्रिस्क्रिप्शन नसतं आणि ओशाळल्यासारखं होतं. मावसभावालाही तसंच झालं होतं. त्याच्या बायकोने पर्समधून रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांनी नाव वाचून तारीख लिहून घेतली. आमच्याकडे आता औषधांच्या पिशवीत एक छोटी वही असते. गोळी घेतली की तारीख लिहायची, आणि पट्टी संपली तरी ताप जाईपर्यंत टाकायची नाही.