मैत्रीण उत्तर देत नाही, तेव्हा

जीएनएमला असताना होस्टेलमध्ये माझ्या खोलीत एक मैत्रीण राहायची. पुढं ती लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि मी शहरातल्या दवाखान्यात लागले. तरी आठवड्यातून दोन-तीनदा तिचा मेसेज यायचाच. एका वर्षी १४ एप्रिलला मी जयंतीच्या शुभेच्छा पाठवल्या, त्यांना उत्तर आलं नाही. जयंतीच्या दिवशी तिचा जयभीम आला नाही, असं आधी कधी झालं नव्हतं. मी आणखी दोन मेसेज टाकले. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. मग मी रागानं लिहिलं, "मोठी माणसं झालात, आता आम्हाला कशाला ओळखाल!" आणि मीही गप्प बसले.

जुलैमध्ये दुसऱ्या एका मैत्रिणीकडून कळलं. मार्चमध्ये, सहाव्या महिन्यात, तिचं बाळ पोटातच गेलं होतं. आधी दोनदा गर्भ राहिला नव्हता, म्हणून यावेळी तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. मी भर पावसात तिच्याकडं गेले. ती म्हणाली, "तुझे मेसेज मी रोज उघडायचे गं. काय लिहावं ते सुचायचं नाही. मग तू रागावलीस ते वाचलं, आणि वाटलं, आता हीपण गेली."

अशा बायका मी वॉर्डात कितीतरी पाहिल्या होत्या. पण मैत्रिणीच्या गप्प बसण्यात मला फक्त तिचा गर्व दिसला. तीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. थांबायचं, एकदा विचारायचं की सोडून द्यायचं, हे ठरवण्याआधी ती शांतता कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावं लागतं.

आधी फोनचं बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक असेल तर मेसेज तिच्या फोनपर्यंत पोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट संपलं असेल किंवा तिनं आपल्याला ब्लॉक केलं असेल. यातलं नेमकं काय, हे एका टिकवरून कळत नाही. दोन करड्या टिक म्हणजे मेसेज फोनमध्ये पोचला, तिनं पाहिलाच असं नाही. निळ्या टिक म्हणजे कुणीतरी तो उघडला. आपल्याकडं एका घरात एकच चांगला फोन असतो. त्यावर पोरगा गेम खेळतो, पोरगी अभ्यास करते, नवरा कामावर घेऊन जातो. त्यामुळं उघडणारी तीच होती, हे कशावरून? उलट, काही जण निळ्या टिक बंद करून ठेवतात, त्यांनी वाचलं तरी आपल्याला कळत नाही.

म्हणून टिक बघून माणसाचं मन ओळखू नका. त्यापेक्षा एकदा साधा फोन लावा. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले की येणारे कॉलही बंद होतात. मग आपण उगाच रुसून बसलो होतो, असं निघतं.

किती दिवस थांबायचं, हे तिच्या रोजच्या सवयीवर ठरवा. रोज बोलणारी चार-पाच दिवस गप्प राहिली तर लक्ष द्यावं. आठवड्यातून एकदा बोलणारीला दोन-तीन आठवडे द्यावेत. आणि जी फक्त सणावारी, जयंतीला मेसेज करते, ती दोन महिने बोलली नाही तर त्यात काळजीचं काही नाही.

माझ्याशीच गप्प, की सगळ्यांशी?

खरा प्रश्न हा आहे. ती महिला मंडळाच्या ग्रुपवर बोलते का? स्टेटस ठेवते का? कामावर जाते का, नळावर, विहारात दिसते का? तुम्हाला दिसत नसेल तर तिच्या जवळच्या एकाच माणसाला विचारा, आणि एवढंच विचारा, "ती बरी आहे ना? बरेच दिवस बोलणं नाही झालं." "ती माझ्याशी का बोलत नाही?" असं विचारू नका. त्या प्रश्नाची वस्तीत चर्चा होते आणि ती तिच्या कानावर जाते.

ती सगळ्यांशीच गप्प असेल, तर कारण बहुतेक आपण नसतो. आजारपण, घरातलं संकट किंवा मनाचा आजार असू शकतो. डिप्रेशनमध्ये माणूस नुसता दुःखी नसतो. साधं काम सुरू करायलाही त्याच्यात ताकद उरत नाही. आंघोळ, स्वयंपाक जड होतो, तसंच दोन ओळी लिहिणंही जड होतं. एक दिवस उत्तर राहिलं की दुसऱ्या दिवशी लाज वाटते. दहा दिवस झाले की "आता काय तोंडानं लिहू" असं वाटतं. म्हणजे आपण जितके जास्त मेसेज टाकू, तितकं तिच्यावरचं ओझं वाढतं. मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, आणि हे जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे चाललं आहे, तर डॉक्टरकडं न्यायला हवं. अशा वेळी मेसेजची वाट बघू नका, तिच्या घरी जा.

एक मेसेज, पण काही न मागणारा

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७० च्या आसपास जेरोम मोट्टो नावाच्या मानसोपचार डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. नैराश्यामुळं किंवा जीव देण्याच्या विचारांमुळं दवाखान्यात दाखल झालेले, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ रुग्ण होते. त्यातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षांत छोटी छोटी २४ पत्रं पाठवली. त्यात उपदेश नव्हता, औषधाची आठवण नव्हती, "का आला नाहीत" नव्हतं. तुमची आठवण आहे, बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, इतकंच होतं. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी राहिलं. पुढं तो फरक कमी होत गेला, हेही खरं. पण न मागणाऱ्या दोन ओळींचा आधार होतो, हे त्यातून दिसलं.

आपला मेसेजही तसाच असावा. उदाहरणार्थ: "जयभीम गं. आज बाजारात बोंबील बघितले आणि तुझी आठवण आली. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. मी इथंच आहे." यात आठवण आहे, प्रश्न नाही, आणि उत्तर न देण्याची मोकळीक आहे. "काय झालं?", "माझं काय चुकलं?", "एवढी बिझी झालीस का?" या तिन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला तिला ताकद लागते. तीच तिच्याकडं नसेल तर?

एक सावधगिरी ठेवा. तिचा फोन नवरा किंवा सासरचे बघतात अशी शंका असेल, तर "तो अजून मारतो का?" असलं काही लिहू नका. त्या एका ओळीवरून तिला आणखी मार बसू शकतो. हळद-तिखटाचं, पोरांच्या वह्यांचं काहीतरी निमित्त काढून घरी जा आणि ती एकटी असताना विचारा. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे. तो तिला तोंडी सांगा, मेसेजमध्ये पाठवू नका.

जिथं थांबायचं नसतं

गप्प होण्याआधी तिनं "आता कशालाच अर्थ नाही", "माझ्यामागं पोरांकडं बघ" असं काही म्हटलं होतं का? जवळच्या वस्तू वाटून टाकल्या का? तसं असेल तर चार दिवस मोजत बसू नका. त्याच दिवशी जा, किंवा शेजारच्या बाईला पाठवा. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटीला सोडू नका. उंदराचं औषध, घरातल्या गोळ्या तिच्या हाताशी ठेवू नका आणि तिला दवाखान्यात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीवावरचं असेल तर ११२ लावा.

माझ्याशीच गप्प असेल तर

आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगते. तिच्या मैत्रिणीनं पोराच्या फीसाठी तिच्याकडून ४,००० रुपये घेतले होते. दोन महिन्यांनी बोलणं बंद झालं. मैत्रीण ग्रुपवर बोलायची, स्टेटस ठेवायची, ताईचे मेसेज तेवढे निळे होऊन पडायचे. ताईनं एका आठवड्यात नऊ मेसेज टाकले होते. मी म्हटलं, "ताई, ती तुला टाळत नाही, पैशाला टाळते आहे. दोन्ही वेगळं कर." मग एकच मेसेज गेला, "पैशाची घाई नाही, जमेल तसे थोडे थोडे दे. त्यासाठी बोलणं बंद करू नकोस."

त्याला उत्तर आलं नाही. आम्ही महिनाभर वाट पाहिली आणि ताईनं थांबायचं ठरवलं. थांबायचं म्हणजे आणखी मेसेज नाही, तिचं स्टेटस रोज उघडून बघणं नाही, नळावर तिच्याबद्दल बोलणं नाही, आणि नंबर ब्लॉक करणंही नाही. वैशाख पौर्णिमेला विहारात दोघी समोरासमोर आल्या. जयभीम झाला, बाकी काही नाही. पैसे अजून आलेले नाहीत. ताईला वाईट वाटतं, पण रात्री फोन उशाशी घेऊन ती जागत नाही.

मोठी माणसं स्वतःच्या मर्जीनं दूर जाऊ शकतात, आणि कारण सांगायला ती बांधील नसतात. आपल्या हातून काही चुकलं हे माहीत असेल, तर त्या एका मेसेजमध्ये नेमकं काय चुकलं ते लिहून माफी मागावी. माहीत नसेल तर अंदाजानं माफी मागत बसू नये.

माझी होस्टेलची मैत्रीण आता बरी आहे. अजूनही मध्येच पंधरा दिवस गप्प होते. तेव्हा मी आधी तिच्या बहिणीला फोन करून ती बरी आहे का, एवढं विचारते. मग मैत्रिणीला दोन ओळी पाठवते आणि कामाला लागते. कधी आठवड्यानं उत्तर येतं, कधी नुसता एक निळा जयभीम.