जकातीच्या यादीत तोळे, ग्रॅम, दिरहम एकाच रकान्यात? आधी वेगळे करा, मग बेरीज

रमजान जवळ आला की आपण घरोघरी जकातीची यादी करतो. आजकाल ती मोबाईलवर किंवा एक्सेलमध्ये असते. समजा, पुनावळेतल्या एका घरची यादी अशी आहे: आजीचे दागिने "6 तोळे", सुनेचे नवे सोने 40 (ग्रॅम), बँकेत 85000, दुबईच्या मुलाकडे 3000 दिरहम, उसने दिलेले "1.2 लाख". सगळे एकाच 'रक्कम' रकान्यात.

SUM लावला तर उत्तर येते ८८,०४०. आकडा खरा वाटतो, पण तो पूर्ण चुकीचा आहे. "6 तोळे" आणि "1.2 लाख" यांत अक्षरे आहेत, म्हणून एक्सेलने ते मजकूर समजून गुपचूप सोडून दिले. दिरहमचा मात्र उलटा घोळ. तिथे AED हे फक्त वरचे रूप, आत नुसते 3000. ते रुपये म्हणून मिळवले गेले, आणि ४० ग्रॅमचे झाले ४० रुपये!

म्हणून शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=ISNUMBER(B2)
```

FALSE आले तिथे मजकूर आहे. पण TRUE म्हणजे रुपयेच, असे नाही. त्यासाठी प्रत्येक ओळ डोळ्यांनी पाहावी लागते. मूळ रकाना तसाच ठेवा आणि पुढे चार रकाने करा: आकडा, एकक, दर, रुपये. दराशेजारी तारीखही लिहा.

आता तोळ्याकडे या. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज बाजारात अनेकजण १० ग्रॅमला तोळा म्हणतात. निसाबचे साडेसात तोळे सोने म्हणजे ८७.४८ ग्रॅम, तो जुन्या तोळ्याचा हिशोब आहे. आजीचा तोळा कोणता, हे आठवणीवर सोडू नका. दागिना काट्यावर ठेवा आणि ग्रॅमच लिहा.

समजा, काट्यावर आजीचे ६९.९८४ ग्रॅम भरले, म्हणजे तोळा जुनाच. सोपे जावे म्हणून सोन्याचा दर १०,००० रुपये ग्रॅम आणि दिरहम २४ रुपये धरू. सुनेच्या ४० ग्रॅमसह सोने १०९.९८४ ग्रॅम, म्हणजे १०,९९,८४० रुपये. दिरहमचे ७२,०००, बँकेतले ८५,०००, उसने १,२०,०००. एकूण १३,७६,८४० रुपये. अडीच टक्के काढले तर ३४,४२१. पहिल्या बेरजेने हेच २,२०१ आले असते, आणि तोळा १० ग्रॅमचा धरला असता तर ३१,९२५. गरिबाच्या हक्काचे जवळपास अडीच हजार नुसत्या मापात गेले असते.

कॅरेटही एककच आहे, २२ कॅरेटला २४ चा दर लावू नका. अंगावरच्या दागिन्यांचा आणि उसन्याचा मसला आपल्या मसलकच्या आलिमांना विचारा. आम्ही इथे फक्त बेरीज सांगितली.