कुंपणावरून भिंतीपर्यंत: सर्वांत आखूड शिडी

घराच्या भिंतीपासून 4 फुटांवर 8 फूट उंच कुंपण आहे. कुंपणाबाहेर, सपाट जमिनीवर शिडीचा पाय रोवून तिचे वरचे टोक भिंतीला टेकवायचे आहे. त्यासाठी कमीत कमी किती लांब शिडी लागेल?

शिडी कुंपणाच्या माथ्याला टेकलेलीच असली पाहिजे. मध्ये फट राहिली, तर तिच्याहून आखूड शिडीनेही काम भागते. हा टेकण्याचा बिंदू शिडीचे दोन भाग करतो. शिडीने जमिनीशी केलेला कोन θ मानला, तर खालचा भाग 8/sin θ आणि वरचा 4/cos θ इतका भरतो. म्हणून एकूण लांबी

L = 8/sin θ + 4/cos θ

शिडी उभी करत गेले की खालचा भाग आखडतो, पण वरचा वाढतो; आडवी केली की याच्या उलट घडते. त्यामुळे दोन्ही टोकांना लांबी अफाट होते आणि नेमका कोन मधेच कुठेतरी सापडतो. अनेकांना 45 अंश हेच उत्तर वाटते. त्या कोनात शिडी 16.97 फूट लागते, 60 अंशांत 17.24 फूट. म्हणजे उत्तर जवळपास आहे, पण अंदाजाने ते हाती येत नाही.

कलनशास्त्राचे काम इथे सुरू होते. कोन किंचित वाढवला असता खालचा भाग जितका आखडतो तितकाच वरचा वाढत असेल, तिथे लांबी घटायची थांबते आणि वाढू लागते. म्हणजे त्या जागी L चा अवकलज, अर्थात कोनानुसार लांबी बदलण्याचा दर, शून्य असतो:

4 sin θ/cos² θ = 8 cos θ/sin² θ

यातून tan³ θ = 2 मिळते. म्हणून tan θ म्हणजे 2 चे घनमूळ, सुमारे 1.26, आणि कोन सुमारे 51.6 अंश. शिडीची लांबी 16.65 फूट. तिचा पाय कुंपणापासून 6.35 फुटांवर येतो आणि टोक भिंतीवर सुमारे 13 फुटांवर टेकते. भिंत त्याहून बुटकी असेल, तर हे उत्तर लागू पडत नाही.

2 चे घनमूळ इथे यावे, ही या उदाहरणातली सर्वांत सुंदर गोष्ट. घनाचे घनफळ दुप्पट करण्याच्या प्राचीन ग्रीक कोड्यातही हीच संख्या आहे, आणि ती केवळ मोजपट्टी व कंपासने रेखता येत नाही, हे पिएर वांत्झेल यांनी 1837 मध्ये सिद्ध केले. त्यामुळे या शिडीचा अचूक कोनही त्या साधनांनी काढता येत नाही.

कुंपणाची उंची a आणि त्याचे भिंतीपासूनचे अंतर b असेल, तर याच रीतीने tan³ θ = a/b मिळते.

मात्र शिडी विकत घेताना हा आकडा वापरू नये. चढण्यासाठी सुमारे 75 अंशांचा कोन सुरक्षित मानला जातो आणि त्या कोनात याच कुंपणावरून जायला जवळजवळ पावणेचोवीस फुटांची शिडी लागते.