अकाउंटंटकडून डेटा अ‍ॅनालिसिसकडे: लिंक्डइनचा `About` कसा लिहायचा?

खंडाळ्याच्या एमआयडीसीत बारा वर्षं अकाउंट्स बघणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका दादांनी मला त्यांचं प्रोफाइल दाखवलं. लिहिलं होतं: "टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशनचा अनुभव. मेहनती. डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये करिअर करायचे आहे." यात खोटं काही नाही, पण डेटाचं कामही कुठे दिसत नाही.

मी विचारलं, "महिन्यात सगळ्यात डोकेदुखीचं काम कोणतं?" ते लगेच म्हणाले, "2B जुळवणं!"

दर महिन्याच्या 14 तारखेला पोर्टलवर GSTR-2B तयार होतं. त्यातली बिलं आपल्या खरेदी रजिस्टरशी जुळवायची. सप्लायरने बिल भरलंच नसेल, तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. त्यांच्याकडे महिन्याला साधारण 600 बिलं. गंमत अशी की एकीकडे `INV/023` आणि दुसरीकडे `INV-23` असतं, त्यामुळे `VLOOKUP` ला ती दोन वेगळी बिलं वाटतात. दादांनी `Power Query` मध्ये तिरक्या रेघा, डॅश आणि पुढची शून्यं काढून जीएसटीआयएन अधिक बिल नंबर अशी की बनवली आणि दोन्ही याद्या जोडल्या. दोन दिवसांचं काम तीन तासांवर आलं. न जुळलेल्या दोन्ही याद्यांमध्ये तोच जीएसटीआयएन आणि तीच रक्कम दिसली, तर बहुधा बिल गायब नाही, नंबरच जुळत नाहीये, हेही त्यांना कळलं.

अहो, यालाच डेटा क्लीनिंग आणि जॉइन म्हणतात! मग सुरुवात अशी केली:

"खरेदीची सुमारे 600 बिलं दर महिन्याला GSTR-2B शी जुळवतो. `Power Query` वापरून हे काम दोन दिवसांवरून तीन तासांवर आणलं. बारा वर्षं उत्पादन कंपनीत अकाउंट्स. आता फायनान्स डेटा अ‍ॅनालिस्टचं काम शोधतोय. सध्या `SQL` शिकतोय."

इथे समजायला मराठीत दिलंय. प्रोफाइलवर इंग्रजीतच टाकलं, कारण रिक्रूटर शोधताना इंग्रजी शब्द टाइप करतात. जागा 2,600 अक्षरांची आहे, पण पूर्ण मजकूर उघडायच्या आधी पहिल्या काही ओळीच दिसतात. म्हणून आकडा वर, बारा वर्षं नंतर.

"शिकतोय" या शब्दावर दादा अडले. "कच्चं वाटतं रे. सरळ `SQL` येतं म्हणून टाकू का?" मी नको म्हटलं. मुलाखतीत `LEFT JOIN` विचारला की दोन मिनिटांत उघडं पडतं, आणि मग 2B च्या खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही. "डेटा अ‍ॅनालिसिसचा बारा वर्षांचा अनुभव" हेही त्याच कारणाने काढलं.

सप्लायरची नावं आणि कंपनीची उलाढाल मात्र लिहायची नाही. ती माहिती मालकाची आहे. बिलांची संख्या आणि वाचलेला वेळ एवढं पुरतं. तोही आकडा मुलाखतीत फाइल न उघडता समजावून सांगता येईल असाच ठेवा. दादांनी आधी "95 टक्के वेळ वाचवला" लिहिलं होतं, हिशोब केला तर तो तेवढा भरत नव्हता. अकाउंटंट माणूस, स्वतःच खोडलं.