तुरटी किती फिरवायची?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रकल्प हमखास असतो. उलटी धरलेली, बूड कापलेली प्लास्टिकची बाटली. तिच्यात कापूस, कोळसा, वाळू आणि खडी यांचे थर. वरून गढूळ पाणी ओतायचं, खालून बऱ्यापैकी स्वच्छ पाणी ठिबकतं. परीक्षक पुढे येतात आणि विचारतात, ‘यातला कोळसा काढून टाकला असता तर काय झालं असतं?’ स्टॉलवर शांतता पसरते. बाटली हे गाळणीचं मॉडेल असतं. कशामुळे काय बदललं, हे तपासलेलंच नसतं.

प्रयोग उभा राहायचा तर प्रश्न लहान हवा. त्यासाठी घरातलीच तुरटी पुरते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवते आणि तासाभरात पाणी निवळतं. पण किती तुरटी पुरते? जास्त तुरटी म्हणजे जास्त नितळ पाणी का? जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेलाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. नदीचा गढूळपणा बदलला की तिथे सहा भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून बघतात. त्याला ‘जार टेस्ट’ म्हणतात. ती शाळेत सहज करता येते.

आधी कारण समजून घ्यायला हवं, कारण गृहीतक त्यातूनच निघतं. मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तासन्‌तास तरंगतात, कारण त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार कमी करतं. शिवाय त्याचे पांढुरके, कापसासारखे पुंजके बनतात आणि त्यांत कण अडकून खाली बसतात. पण तुरटीमुळे पाणी आम्लही होतं आणि फार आम्ल पाण्यात पुंजके नीट धरत नाहीत. म्हणून गृहीतक असं लिहिता येतं : ‘तुरटीची मात्रा वाढवली तर अर्ध्या तासानंतर पाणी अधिक नितळ होईल, पण एका मात्रेनंतर ते सुधारणार नाही किंवा पुन्हा बिघडेल.’ ‘तुरटीने पाणी शुद्ध होते’ हे गृहीतक चालत नाही. ‘शुद्ध’ मोजणार कसं, हे त्यात सांगितलेलं नाही.

आता चल, म्हणजे प्रयोगात बदलू शकणाऱ्या गोष्टी. विद्यार्थी स्वतः बदलतो ती एकच : तुरटीची मात्रा. हा स्वतंत्र चल. तिच्यामुळे बदलतो तो गढूळपणा. हा अवलंबी चल. बाकी सगळं सारखं ठेवायचं : मातीचं पाणी, बरणीचा आकार, ढवळण्याचा वेग, थांबण्याचा वेळ. एका बरणीत तुरटी घालायचीच नाही. माती नुसती ठेवल्यानेही थोडी बसतेच, आणि ते श्रेय तुरटीला जाऊ नये म्हणून ही तुलनेची बरणी हवी.

मात्रा मोजायला साधा हिशेब पुरतो. १० ग्रॅम तुरटीची पूड पाण्यात विरघळवून द्रावण १ लिटर करायचं. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. १ लिटरच्या सहा बरण्यांत बिनसुईच्या सिरिंजने अनुक्रमे ०, १, २, ४, ८ आणि १६ मिलिलिटर द्रावण घातलं की मात्रा होते ०, १०, २०, ४०, ८० आणि १६० मिलिग्रॅम.

गढूळ पाण्यासाठी बादलीभर पाण्यात वजन केलेली माती कालवून अर्धा तास ठेवायची, म्हणजे जाड वाळू बसते. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं आणि बरण्या भरताना ते सतत ढवळत राहायचं. नाहीतर शेवटच्या बरणीत वेगळंच पाणी जातं आणि फरक तुरटीच्या खात्यावर पडतो. तुरटी घातल्यावर एक मिनिट जोरात ढवळायचं, म्हणजे ती सगळीकडे पसरते. मग दहा मिनिटं अगदी हळू, म्हणजे पुंजके एकमेकांना भेटून मोठे होतात. इथे घाई केली तर बनलेले पुंजके फुटतात. शेवटी अर्धा तास बरण्यांना हात लावायचा नाही.

मोजमापासाठी साधारण दोन फूट लांबीची पारदर्शक नळी घेऊन तिचं एक तोंड बंद करायचं आणि तळाला काळी फुली काढायची. बरणी कलंडवून पाणी ओतलं तर गाळ उठतो. म्हणून नळीत घालायचं पाणी सिरिंजने पृष्ठभागाखालून अलगद ओढायचं. वरून बघत नळी भरत जायची; फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. उंची जास्त, तितकं पाणी नितळ. बघणाऱ्याला कोणती बरणी कोणत्या मात्रेची हे माहीत नसावं, नाहीतर डोळा नकळत अपेक्षित उत्तराकडे झुकतो. बरण्यांवर नुसती अक्षरं लिहायची, मात्रांची यादी दुसऱ्याकडे ठेवायची. सगळा प्रयोग तीनदा करायचा.

समजा, सरासरी उंची अनुक्रमे ५, ८, १७, ४०, ४१ आणि ३३ सेंटिमीटर आली. ८० मिलिग्रॅमची बरणी पहिली ठरली का? नोंदवही बघायची. ४० मिलिग्रॅमच्या तीन फेऱ्यांत ३८, ४० आणि ४२ आले. ८० च्या फेऱ्यांत ३८, ४१ आणि ४४. एकाच मात्रेत इतका चढउतार असताना सरासरीतल्या एका सेंटिमीटरच्या फरकाला अर्थ नाही. म्हणून निष्कर्ष : या पाण्यासाठी लिटरला ४० मिलिग्रॅम तुरटी पुरली, दुप्पट घालून फायदा दिसला नाही, चौपट घातल्यावर पाणी पुन्हा गढुळलं. पाण्याची आम्लता लिटमस किंवा पीएच कागदाने पाहिली, तर या घसरणीचं कारणही तपासता येईल.

कधीकधी १६० वरही पाणी बिघडत नाही. विहिरीच्या जड पाण्यातले क्षार तुरटीची आम्लता शोषून घेतात, त्यामुळे तिथे आलेख नुसता सपाट होतो. उलट पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात माती कालवली तर पुंजके धड बनतच नाहीत, आणि दोष तुरटीला दिला जातो. असं झालं तर गृहीतक मागाहून बदलायचं नाही. ‘या भागाला पुष्टी मिळाली नाही’ असं लिहून पाणी कुठलं होतं ते नोंदवायचं.

निष्कर्षात आणखी एक मर्यादा ठळक लिहावी लागते. मोजला तो गढूळपणा, जंतू नव्हेत. तुरटीबरोबर काही जंतू गाळात बसतात, पण सगळे नाहीत; म्हणूनच केंद्रात तुरटीनंतर पाणी गाळतात आणि त्यात क्लोरीन घालतात. फुली स्पष्ट दिसणारं पाणीसुद्धा पिण्याजोगं आहे असं हा प्रयोग सांगत नाही आणि प्रयोगातलं पाणी कुणी पिऊन दाखवायचं नाही.

एवढी तयारी असली की परीक्षकांच्या ‘हे काढलं असतं तर?’ या प्रश्नासाठी स्टॉलवर तुरटी न घातलेली पहिली बरणी ठेवलेलीच असते. पुढच्या वर्षी त्याच सहा बरण्यांत तुरटीऐवजी शेवग्याच्या बियांची पूड घालता येईल. तिच्यातली प्रथिनंही मातीचे कण खाली बसवतात. मात्र मात्रांची यादी नव्याने ठरवावी लागेल.