पांढरे ऑम्लेट, पण मऊसूत!

घाटकोपर स्टेशनबाहेरच्या गाडीवर ऑम्लेट-पाव होताना पाहिलाय ना? तापलेला तवा, चर्र आवाज, की झाले तयार! पण नुसत्या पांढऱ्या भागाचे ऑम्लेट असे केलेत, तर ते रबरासारखे चिवट होते. का बरे? अंड्यातली जवळजवळ सगळी चरबी पिवळ्या बलकात असते आणि तीच ऑम्लेट मऊ ठेवते. पांढऱ्यात असते पाणी आणि थोडी प्रथिने. आच वाढली की प्रथिने आक्रसतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात.

म्हणून आपण आच मंद ठेवू. मोठ्यांना सोबत घ्या. कांदा-टोमॅटो आधी परतून कोरडे करा. ३ अंड्यांचा पांढरा भाग, चमचाभर दूध आणि चिमूटभर मीठ काट्याने हलकेच फेटा. निर्लेप तव्यावर अर्धा चमचा तेल पसरून मिश्रण ओता. चर्र वाजले, तर तवा जास्त तापलाय! झाकण ठेवून दोनेक मिनिटे थांबा. वरचा थर वाहायचा थांबला, पण अजून ओलसर चमकतोय, की भाजी पसरा, घडी घाला, गॅस बंद. कडा तपकिरी दिसल्या, तर उशीर झाला म्हणून समजा. आणि उरलेले बलक? त्याच दिवशी घरच्यांच्या भुर्जीत!